साहेबांची पंधरा मिनिटं

मोठ्या कंपनीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याची डायरी सहसा त्याच्या स्वतःच्या हातात नसते. ती सांभाळते त्याची एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, ऑफिसच्या बोलीत ‘ईए’. जुन्या कंपन्यांत अजूनही ‘सेक्रेटरी’ किंवा ‘पीए’ म्हणतात, सरकारी कार्यालयात ‘स्वीय सहायक’. या पदावर पुरुषही बरेच असतात. नाव काहीही असलं तरी काम एकच. साहेबांच्या आठवड्यातला कोणता अर्धा तास कोणाला द्यायचा, कोणाला दुसऱ्या खात्याकडे वळवायचं आणि कोणाला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणायचं, हे बहुतेक वेळा याच टेबलावर ठरतं. बऱ्याच विनंत्या साहेबांपर्यंत पोचतही नाहीत आणि पोचू नयेत अशीच व्यवस्था असते. म्हणून छोट्या भेटीची विनंती लिहिताना खरा वाचक ईए असते. साहेब ती विनंती वाचतील, हे गृहीत धरता येत नाही.

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातला एक नेहमीचा प्रसंग घेऊ. भोसरीतला एक लहान कारखानदार चाकणच्या वाहन कंपनीला ब्रॅकेट पुरवतो. जागा अपुरी पडते म्हणून तो शॉप तळेगावला हलवणार आहे. वाहन उद्योगात सुटा भाग बनवण्याची जागा बदलली, तर ग्राहक कंपनीला आधी कळवून नव्या जागेच्या मालाची मंजुरी घ्यावी लागते. मंजुरी येईपर्यंत ग्राहकाची लाइन थांबू नये म्हणून हलवाहलवीच्या आधी दोन आठवड्यांचा जादा माल करून ठेवायचा, असा बेत आहे. परचेस खात्याला तो पटलाय, क्वालिटीलाही पटलाय. पण नेहमीच्या शेड्यूलपेक्षा जास्त माल उचलायचा तर ऑपरेशन्सच्या उपाध्यक्षांची संमती हवी. कारखानदाराला त्यांची पंधरा मिनिटं हवी आहेत.

अशा वेळी पहिला मेसेज साधारण असा जातो: ‘नमस्कार मॅडम, सरांना भेटायचं होतं. फक्त पाच मिनिटं. जरा अर्जंट आहे. कधी येऊ?’

मेसेज छोटा आहे, नम्रही आहे. तरी ईएच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. हे गृहस्थ कोण, कोणत्या कंपनीचे, काम काय, ते परचेसच्या पातळीवर मिटेल का, ‘अर्जंट’ म्हणजे आज की या महिन्यात, प्रत्यक्ष यायचंय की फोनवर चालेल, हे सगळं तिला विचारावं लागणार. तिनं विचारायचं, त्यांनी दुपारी उत्तर द्यायचं, त्या उत्तरातून पुन्हा एक प्रश्न निघायचा. दोन दिवस असेच जातात. दरम्यान मेसेज खाली सरकतो. कारखानदाराला वाटतं, बाई मुद्दाम अडवतायत. तिच्या बाजूनं पाहिलं तर अडवण्याजोगं तिच्यासमोर काही आलेलंच नसतं.

‘फक्त पाच मिनिटं’ या शब्दांवर ईए मंडळींचा विशेष राग असतो. त्याला कारण आहे. पाच मिनिटांत संपलेली भेट त्यांनी फारशी पाहिलेली नसते. शिवाय डायरीत पाच मिनिटांची जागा अशी नसतेच. कॅलेंडरमधले चौकोन अर्ध्या तासाचे. पंधरा मिनिटांची भेट ठेवली, तरी आधीची बैठक लांबण्याची शक्यता, पाहुण्याला रिसेप्शनवरून वर आणणं, साहेबांनी मधल्या वेळात एक फोन करणं, हे सगळं त्याच चौकोनात बसवावं लागतं. जो सरळ ‘पंधरा मिनिटं’ मागतो आणि पंधरा मिनिटांचंच काम घेऊन येतो, त्याला जागा देणं तिला सोपं जातं. पाच मागून वीस घेणारा तिच्या लक्षात राहतो आणि पुढच्या खेपेला त्याच्यासाठी अर्धा तास धरला जातो, म्हणजे तारीखही उशिराची मिळते.

विनंती आली की ईए तिचं काय करते, हे ठाऊक असलं तर विनंती कशी लिहावी ते आपोआप कळतं. तिच्यासमोर ढोबळ तीन वाटा असतात. काही भेटी ती कोणाला न विचारता थेट डायरीत टाकते. त्या माणसाला, त्या कामाला वेळ द्यायचा हे आधीच ठरलेलं असतं. काही विनंत्या ती योग्य खात्याकडे पाठवते. उरलेल्या साहेबांना विचारून ठरवायच्या. हे विचारणं बहुधा सकाळी होतं, साहेब गाडीत असताना फोनवर किंवा केबिनमध्ये आल्याआल्या पाच-सात मिनिटांत. दहा-बारा गोष्टी एका दमात सांगायच्या असतात. प्रत्येक विनंतीच्या वाट्याला एक वाक्य येतं आणि ते वाक्य ती मोठ्यानं बोलते: ‘सर, भोसरीचे ब्रॅकेटवाले पंधरा मिनिटं मागतायत, शॉप हलवायच्या आधी जादा स्टॉकला तुमचा होकार हवाय, परचेस-क्वालिटी तयार आहेत.’ साहेब म्हणतात, ‘गुरुवारी घ्या.’ संपलं.

विनंतीचं सगळं कसब या एका वाक्यात आहे. ते कारखानदारानं लिहून दिलं असेल तर ईए तेच वाचून दाखवते. दिलं नसेल तर तिला तीन परिच्छेदांतून स्वतः बनवावं लागतं. ते चुकीचं बनण्याचा धोका असतो, आणि मुळात त्या गडबडीत ते बनवायला तिला वेळ कुठे असतो! वाक्य तपासायची सोपी रीत म्हणजे ते कोणाला तरी फोनवर वाचून दाखवायचं. एका श्वासात संपलं आणि ऐकणाऱ्यानं ‘म्हणजे काय?’ असं विचारलं नाही, तर ते जमलं.

त्याच कारखानदाराची नीट लिहिलेली ईमेल अशी होईल. प्रत्यक्षात ती बहुधा इंग्रजीत जाते. मजकूर मात्र हाच.

विषय: १५ मिनिटांच्या भेटीची विनंती – ब्रॅकेट पुरवठा, जागाबदल – १८ तारखेपूर्वी

‘नमस्कार मॅडम,

आमची कंपनी तुमच्या चाकण प्लांटला ब्रॅकेट पुरवते. शॉप तळेगावला हलवण्याआधी दोन आठवड्यांचा जादा माल उचलण्यासाठी सरांची संमती हवी आहे. परचेस आणि क्वालिटी खात्यांची सहमती झाली आहे, त्यांची ईमेल खाली जोडली आहे.

त्यासाठी सरांची १५ मिनिटं मिळू शकतील का? प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉल, दोन्ही चालेल. ९ ते १८ तारखेदरम्यान सकाळी १२ पर्यंत मी केव्हाही येऊ शकतो, फक्त ११ तारीख सोडून. मशिन २२ तारखेला हलणार असल्यामुळे १८ च्या पुढे गेल्यास जादा माल करता येणार नाही.

भेटीऐवजी सरांचा होकार ईमेलवर मिळणं सोयीचं असेल तर तेही चालेल. आणखी काही माहिती हवी असल्यास या नंबरवर कळवावं.’

खाली नाव, कंपनी, मोबाइल. एवढंच. कंपनीचा इतिहास नाही, पंचवीस वर्षांच्या संबंधांचा उल्लेख नाही, वीस पानांचं प्रेझेंटेशन नाही.

या ईमेलमधल्या दोन-तीन गोष्टी बारकाईनं पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे विषयाची ओळ. ईएच्या इनबॉक्समध्ये स्वतःच्या आणि साहेबांच्या मिळून शेकड्यांनी ईमेल असतात. ‘भेटीबाबत’ असा विषय टाकला, तर चार दिवसांनी तो शोधायचा कसा? लांबी, काम आणि मुदत या तिन्ही गोष्टी विषयात असल्या की ईमेल न उघडताही तिला ती कुठे बसवायची ते दिसतं.

दुसरी गोष्ट जोडलेली सहमतीची ईमेल. वरिष्ठांची भेट मागणाऱ्यांत खालच्या पायऱ्या चुकवून येणारे पुष्कळ असतात, म्हणून ‘परचेसशी बोललात का?’ हा ईएचा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर विचारण्याआधीच, तेही पुराव्यासकट मिळालं, की विनंती परत खाली पाठवायचं कारण उरत नाही. सहमती नसेल तर तसं सांगावं: ‘परचेसशी दोनदा बोलणं झालं, जादा मालाचा निर्णय त्यांच्या अधिकारात नाही.’ खोटं सांगितलं तर एका फोनवर उघडं पडतं, कारण परचेसच्या साहेबांची ईए शेजारच्याच टेबलावर बसते.

तिसरी गोष्ट वेळेची. ‘सरांच्या सोयीनं केव्हाही’ हे सौजन्याचं वाटतं, पण ते क्वचितच खरं असतं. ईए उद्या सकाळी साडेनऊची वेळ देते आणि मग उत्तर येतं, ‘उद्या जरा अडचण आहे.’ तिनं दोन बैठका सरकवून काढलेली जागा वाया जाते. याउलट ‘मंगळवारी ११.१५ किंवा बुधवारी ४.४५’ असं नेमकं मागणं तिचे हात बांधतं. त्या दोन्ही वेळा भरलेल्या असण्याचीच शक्यता जास्त. मोकळा पट्टा सांगणं, त्यातून वगळायचे दिवस सांगणं आणि शेवटची तारीख कारणासह सांगणं, हे मधलं माप तिला उपयोगी पडतं. शेवटच्या तारखेचं कारण फार महत्त्वाचं. ‘अर्जंट’ सगळेच लिहितात, पण ‘२२ तारखेला मशिन हलणार’ हे साहेबांना सांगता येतं. मात्र सांगितलेला पट्टा उत्तर येईपर्यंत खरोखर मोकळा ठेवायला हवा.

वेळ सुचवताना समोरच्या कंपनीचं वेळापत्रकही थोडं ओळखता येतं. ऑपरेशन्सच्या माणसाला महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत गाठू नये. तेव्हा सगळा जीव डिस्पॅचमध्ये अडकलेला असतो. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत जाहीर करावे लागतात, त्यामुळे संचालक मंडळाच्या बैठकीच्या आसपास, विशेषतः वित्त खात्याच्या वरिष्ठांचा, आठवडाच्या आठवडा गेलेला असतो. चाकणला जर्मन कंपन्या बऱ्याच आहेत. जर्मनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड झालेला असतो. त्यानंतर मुख्यालयाचे कॉल सुरू होतात आणि दुपार हातची जाते. अशा ठिकाणी सकाळची वेळ मागणं शहाणपणाचं. भोसरीतल्या पुष्कळ लहान कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. कारखानदाराला तो दिवस सोयीचा असला, तर तेही विनंतीत लिहायला हरकत नाही.

भेटीऐवजी ईमेलवर होकार चालेल, हे वाक्य लिहायला अनेकजण कचरतात. त्यांना वाटतं, आपणच आपली भेट घालवतोय. पण ईएच्या दृष्टीनं ही सगळ्यांत कामाची ओळ असू शकते. काम निर्णयाचंच असेल आणि निर्णय सोपा असेल तर तो संध्याकाळपर्यंतही येऊ शकतो. ओळख वाढवणं हाच खरा हेतू असेल तर मात्र ही ओळ लिहू नये आणि हेतूही झाकू नये. ‘नवीन प्लांट सुरू केला आहे, सरांना एकदा भेटून माहिती द्यायची आहे, घाई नाही’ असं लिहिलेल्या विनंतीला उशिरानं का होईना, जागा मिळते.

काही विषय ईएला सांगण्यासारखे नसतात. राजीनामा, एखाद्या सहकाऱ्याबद्दलची तक्रार, किमतीची बोलणी. तिथे ‘वैयक्तिक काम आहे’ असं लिहिणं तिला अडचणीत टाकतं, कारण विमा एजंटही तेच लिहितात. विषयाचा तपशील न देता जात सांगता येते: ‘नोकरीसंबंधी गोपनीय विषय आहे, सरांनाच सांगायचा आहे, पंधरा मिनिटं पुरतील.’ ईए गोपनीयतेला सरावलेली असते. ‘सेक्रेटरी’ हा शब्दच मुळात ‘गुपित’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलाय, आणि आपल्याकडच्या चिटणीसाच्या हातूनही राजाची पत्रं जात. गुपित आहे एवढं सांगितलं की ती खोदून विचारत नाही. ‘काही नाही, सहजच’ म्हणणाऱ्याला मात्र विचारते.

मानाचा भाग शब्दांत येतो तसा वागण्यातही येतो. संबोधन ‘मॅडम’ किंवा ‘सर’, किंवा आडनावाला जोडून ‘ताई’ नव्हे तर त्या ऑफिसात जे चालतं ते. तिच्या ईमेलखाली जे पद लिहिलेलं असेल तेच वापरावं. ‘ईए’ लिहिणाऱ्या बाईंना ‘पीए’ म्हटलेलं आवडेलच असं नाही. ‘सरांना एवढं विचारून सांगा’ या वाक्यात तिला निरोप्याचं काम मिळतं. ‘हे बसवता येईल का?’ या प्रश्नात निर्णय तिच्याकडे जातो, आणि बहुतेकदा तो असतोही तिच्याकडेच. पण अपमान खरा होतो तो वळसा घालण्यानं. तिला विनंती पाठवून त्याच संध्याकाळी साहेबांना व्हॉट्सॲप करणारे असतात. साहेब तो मेसेज तिलाच पुढे पाठवतात, वर एक प्रश्नचिन्ह टाकून. साहेबांनीच एखाद्या कार्यक्रमात ‘माझ्या ऑफिसशी बोला’ म्हटलं असेल, तर ते कुठे आणि केव्हा म्हटलं ते ईएला लिहावं, कारण ती साहेबांना विचारून खात्री करणार असते. स्वतःच्या वेळा निवडण्याची ऑनलाइन लिंक तिला पाठवणं हाही असाच एक प्रकार. जिचं काम डायरी लावणं, तिला आपल्या डायरीत जागा शोधायला लावायचं! दिवाळीला महागडी भेटवस्तू पाठवून ओळख पक्की करण्याचा प्रयत्नही उलटतो. अनेक कंपन्यांच्या नियमांत ती बसत नाही आणि परत करण्याचं काम तिच्याच गळ्यात पडतं.

उत्तर आलं नाही तर किती थांबावं? मुदत आठवड्यावर असेल तर कामाचे दोन दिवस. मग त्याच ईमेलला उत्तर म्हणून दोन ओळी: ‘खालच्या विनंतीची आठवण. १८ तारखेची मुदत कायम आहे.’ नवी ईमेल काढली तर जुना संदर्भ तुटतो. आणखी एक दिवस गेला तर फोन करावा, पण सकाळी दहाच्या आत नाही; तो तिचा साहेबांबरोबरचा वेळ. फोनवर पहिलं वाक्य ‘आत्ता दोन मिनिटं बोलता येईल का?’ आणि दुसरं विनंतीचं तेच एक वाक्य. ‘मी ईमेल केली होती, पाहिली नाही का?’ या सुरुवातीनं फोन लांबतो आणि वेळ मिळत नाही.

वेळ मिळाली की कॅलेंडरचं आमंत्रण तिनं पाठवायचं असतं. आपण आधीच आमंत्रण ठोकून दिलं तर ते साहेबांच्या कॅलेंडरात परस्पर उमटतं आणि तिच्या मांडणीवर आदळतं. तिचं आलेलं आमंत्रण लगेच स्वीकारावं. ते भागीदाराला, मुलाला, सल्लागाराला पुढे पाठवू नये. आउटलुकसारख्या प्रणालीत आमंत्रण पुढे गेल्याची सूचना पाठवणाऱ्याकडे जाते. शिवाय दोघांची भेट चौघांची झाली की पंधरा मिनिटं पुरत नाहीत. आणखी कोणी यायला हवं असेल तर आधी विचारावं. प्लांटमध्ये जायचं असेल तर गेटपाससाठी येणाऱ्यांची नावं, गाडीचा नंबर आणि लॅपटॉप असेल तर त्याची माहिती आदल्या दिवशी तिच्याकडे द्यावी. गेटवर अडकलेली दहा मिनिटं साहेबांच्या पंधरातूनच जातात.

छोट्या भेटी सगळ्यांत आधी सरकवल्या जातात, हेही धरून चालावं. सकाळी लाइन बंद पडली की पहिला फोन पंधरा मिनिटांवाल्याला येतो. आपल्या कारखानदाराची भेट १२ तारखेची होती, ती अशीच सरकली. ‘मी अर्ध्या वाटेवर आलोय हो’ हे खरं असलं तरी ईएच्या हाती तेव्हा काही नसतं. त्यानं एवढंच कळवलं, ‘चालेल. १३ किंवा १६ ला सकाळी जमेल. १८ च्या पुढे मात्र अडचण आहे.’ मुदतीची आठवण त्यात आली आणि तक्रार आली नाही. असं सरकवलेलं माणूस पुढच्या मोकळ्या जागेत आधी बसवायचं, हे बहुतेक ईए पाळतात. त्याला १३ ची सकाळची सव्वादहाची वेळ मिळाली.

भेटीत तेराव्या मिनिटाला दार किलकिलं होतं आणि ईए उंबऱ्यात उभी राहते. ती पुढच्या बैठकीची खूण असते. ती दिसली की वाक्य पुरं करून उठावं. निर्णय तिथेच झाला नाही आणि साहेब ‘क्वालिटीशी बोलून सोमवारपर्यंत सांगतो’ म्हणाले, तर बाहेर पडताना तेवढं तिच्या टेबलाशी सांगून जावं. ती सोमवारच्या पानावर ते टिपून ठेवते.